दोन पेशंटच्या मधलं एक मिनिट

मार्च २०२५ मध्ये मधुमेहाचे पेशंट पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरच्या दाराशी एमआरची रांग लागली होती. एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं भारतातलं पेटंट ११ मार्चला संपलं आणि लगोलग डझनावारी भारतीय कंपन्यांनी तीच गोळी आपापल्या नावाने बाजारात आणली. मूळ ब्रँडची एक गोळी तोवर साधारण साठ रुपयांना पडत होती. नव्या ब्रँडपैकी काहींची दहा मिलिग्रॅमची गोळी सहा रुपयांच्या आत आली, तर बऱ्याच जणांची दहा-पंधरा रुपयांच्या आसपास. औषध एकच, नावं अनेक, आणि प्रत्येक नावाच्या मागे कंपनीने नेमलेला एक तरुण किंवा तरुणी. या सगळ्यांना त्याच आठवड्यात त्याच डॉक्टरांना भेटायचं होतं. डॉक्टरांकडे मात्र नेहमीसारखेच पेशंट बसलेले होते.

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाला या भेटीतलं फार थोडं दिसतं. टापटीप कपड्यातला, बॅग घेतलेला माणूस येतो, कंपाउंडरशी दोन शब्द बोलतो आणि आपल्या आधी आत जातो. बाहेर कुरकुर होते. आत नेमकं काय होतं, तो काय मागतो, त्याला किती वेळ मिळतो आणि त्या वेळात आपल्या औषधांच्या चिठ्ठीवर काही परिणाम होतो का, हे कुणी सांगत नाही. म्हणून ही मधली भेट जरा जवळून पाहायला हवी.

आधी हा माणूस येतोच कशाला, ते सांगतो. साबण किंवा चहा विकणारी कंपनी थेट तुमच्या-आमच्यासाठी जाहिरात करते. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची तशी जाहिरात करता येत नाही. शिवाय औषध निवडतो डॉक्टर, पैसे देतो पेशंट. आपल्याकडे बहुतेक चिठ्ठ्या ब्रँडच्या नावाने लिहिल्या जातात. त्यामुळे एकाच औषधाचे चाळीस ब्रँड असले, तरी डॉक्टरच्या पेनातून ज्याचं नाव उतरेल तोच खपतो. कंपनीची सगळी मेहनत ते नाव डॉक्टरच्या लक्षात राहावं यासाठी असते आणि ती मेहनत घेऊन दारोदार फिरतो तो एमआर.

त्याचा दिवस कंपनीने आधीच आखलेला असतो. त्याच्याकडे साधारण दीडशे डॉक्टरांची यादी असते. त्यातल्या काहींना महिन्यातून एकदा आणि महत्त्वाच्यांना दोन-तीनदा भेटायचं असतं. दिवसाला दहा-अकरा डॉक्टर आणि चार-पाच केमिस्ट व्हावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्येक भेटीला ‘कॉल’ म्हणतात. रात्री त्याची नोंद डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या अहवालात, भरावी लागते. हल्ली ती मोबाइलवर किंवा टॅबवर असते आणि तुम्ही खरंच त्या दवाखान्यापाशी होता का, हे जीपीएसवरून कंपनीला कळतं. यादीतला एखादा डॉक्टर महिनाभरात भेटला नाही, तर त्याची ‘मिस्ड’ म्हणून नोंद होते आणि महिन्याच्या बैठकीत त्याचा जाब द्यावा लागतो. दाराबाहेर तीन तास उभा राहिलेला आणि रिकाम्या हाताने परत गेलेला एमआर कंपनीच्या हिशेबात त्या दिवशी काम न केलेला असतो. तो मिनिटभरासाठी एवढी धडपड का करतो, याचं उत्तर इथे आहे.

सातारा-सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातल्या फिजिशियनची संध्याकाळची ओपीडी घेऊ. गाव आणि डॉक्टर यांचं नाव नको, कारण असे दवाखाने शेकड्याने आहेत. सहाला सुरू होते, साडेनऊला संपते. एका संध्याकाळी पस्तीस पेशंट. एकूण दोनशे दहा मिनिटं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं. त्यातच रक्तदाब पाहायचा, साखरेचे रिपोर्ट वाचायचे, मागच्या महिन्याची चिठ्ठी बघायची, गोळ्या खरंच घेतल्या का ते विचारायचं. आता यात बारा एमआर आले आणि प्रत्येकाने आत जाऊन, नमस्कार-चमत्कार करून, बॅग उघडून, बोलून बाहेर पडायला तीन मिनिटं घेतली, तर छत्तीस मिनिटं गेली. सहा पेशंटचा वेळ तो. शेवटचा पेशंट साडेनऊऐवजी दहानंतर सुटणार आणि खेड्याकडे जाणारी शेवटची एसटी तोवर निघून गेलेली असणार. हेच बारा जण प्रत्येकी एक मिनिटात आटोपले, तर बारा मिनिटं जातात. एवढा उशीर ओपीडीत तसाही होतोच. सगळा प्रश्न एक मिनिट की तीन मिनिटं, एवढाच आहे. आणि तो बहुतांशी वेळ कशी मागितली यावर ठरतो.

वेळ मागण्याची सुरुवात डॉक्टरांपासून होत नाही. ती कंपाउंडरपासून होते. दवाखान्याचा खरा दरवान तोच. आमच्याकडे वयस्कर कंपाउंडरला एमआर मंडळी ‘मामा’ म्हणतात, रिसेप्शनवर बाई असतील तर ‘ताई’. मुरलेला एमआर आल्याबरोबर व्हिजिटिंग कार्ड पुढे करत नाही. आधी बाकड्यांवर किती पेशंट आहेत ते बघतो, कुणी स्ट्रेचरवर किंवा धापा टाकत आलंय का ते बघतो, आपल्या आधी किती एमआर उभे आहेत ते मोजतो. मग विचारतो, “मामा, आज सर एमआर घेतायत का?” मामा म्हणतात, “तीन पेशंटला एक सोडतोय. तुमच्या आधी चौघं आहेत.” म्हणजे पंधरा पेशंटनंतर त्याचा नंबर, निदान दीड तास. त्याने तिथेच उभं राहायचं, की शेजारच्या केमिस्टकडे आणि पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं, हे मामांच्या या एका वाक्यावर ठरतं. “मी साडेसातला येतो, माझं कार्ड ठेवा,” असं सांगून जाणारा आणि खरंच साडेसातला येणारा एमआर मामांच्या लक्षात राहतो. “आत्ता फक्त एक मिनिट सोडा ना,” म्हणून दाराला चिकटून राहणारासुद्धा लक्षात राहतो, पण वेगळ्या कारणाने.

कंपाउंडरला चहापाण्याला काहीतरी देऊन मध्ये घुसणं ही जुनी आणि वाईट सवय. केंद्र सरकारच्या औषधविभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषधविपणनासाठी एकसमान आचारसंहिता जाहीर केली. त्यात एमआरबद्दल अगदी स्पष्ट लिहिलंय. डॉक्टरांची भेट मिळवण्यासाठी कोणतंही आमिष दाखवू नये किंवा बनाव करू नये आणि भेटीच्या बदल्यात कोणत्याही नावाखाली पैसे देऊ नयेत. माझ्या मते या नियमाचं सगळ्यात मोठं भलं बाकड्यावर बसलेल्या पेशंटचं आहे. पैसे देऊन रांग ओलांडता येते, हे एकदा एमआरच्या बाबतीत चाललं की तेच पेशंटच्या बाबतीतही सुरू होतं. बनाव म्हणजे काय, हेही पेशंटने बघितलेलं असतं. पोटात दुखतंय असं सांगून नंबर लावायचा, केसपेपर काढायचा आणि आत गेल्यावर बॅग उघडायची. काही जण हे मोठ्या हुशारीचं काम समजतात. माझ्या दृष्टीने ती फसवणूक आहे, आणि डॉक्टरांनाही ती लगेच कळते.

साडेसात वाजले. मामांनी मान हलवली. दरवाजा उघडला, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत बाहेर आले. आता आत काय होतं ते पाहू.

चांगला एमआर बॅग शक्यतो बाहेर ठेवतो. त्याच्या हातात कंपनीचं माहितीपत्रक असतं किंवा टॅबवर हवं ते पान आधीच उघडून ठेवलेलं असतं. तो खुर्चीवर बसत नाही. बसलं की भेट लांबते, हे त्याला ठाऊक असतं आणि डॉक्टरांनाही. पहिलं वाक्य वेळेबद्दल असतं. “सर, बाहेर बारा पेशंट आहेत. मी एकच गोष्ट सांगतो आणि निघतो.” हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र येतात. बाहेरची गर्दी मला दिसतेय, मी आठ ब्रँड सांगणार नाही आणि संपल्यावर मी स्वतःहून उठणार. हे ऐकलं की डॉक्टर पेन बाजूला ठेवतात. नाहीतर ते मागच्या पेशंटच्या केसपेपरवर लिहीत राहतात, मध्येमध्ये ‘हं’ म्हणतात आणि तुमचं बोलणं त्यांच्या कानावरून जातं.

मग ती एक गोष्ट. आपल्या उदाहरणातल्या एमआरला एम्पाग्लिफ्लोझिन विकायचंय. त्याच्या पुस्तिकेची पहिली तीन पानं या औषधाचे फायदे सांगतात. हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू या औषधाने कमी झाले, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. हे डॉक्टरांना दहा वर्षांपासून माहीत आहे आणि त्या दिवशी आधी आत जाऊन गेलेल्या तिघांनी तेच सांगितलंय. चौथ्याने पुन्हा तेच सांगितलं, तर त्याचं मिनिट फुकट गेलं आणि डॉक्टरांचंही. उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. “सर, आमची दहा मिलिग्रॅमची गोळी दहा रुपयांना आहे, महिन्याचे तीनशे. समोरच्या मेडिकलमध्ये आणि स्टँडजवळच्या दोन दुकानांत आजपासून माल आहे.” ही दोन वाक्यं डॉक्टरांच्या कामाची आहेत. काल ज्या पेशंटला महिन्याचे अठराशे रुपये परवडत नाहीत म्हणून त्यांनी हे औषध लिहिलंच नव्हतं, त्याचा चेहरा त्यांना आठवतो. फरक पंधराशे रुपयांचा आहे आणि तो दरमहा आहे. दुकानात माल आहे का, हेही तितकंच महत्त्वाचं. चिठ्ठी लिहिली आणि गावात गोळी मिळाली नाही, तर पेशंट परत येतो किंवा दुकानदार त्याच्या मनाने दुसरं काही देतो.

माल कुठे आहे, हे एमआरला कसं कळलं? वाट पाहण्याच्या त्या दीड तासात तो केमिस्टकडे जाऊन आलेला असतो. केमिस्टकडे विचारपूस करून या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांत कोणती कंपनी किती चालते हे बघणं, हाही त्याच्या कामाचा भाग आहे. त्याला आरसीपीए म्हणतात. यातून उपयोगाची माहिती मिळते, पण इथे एक रेघ ओढायला हवी. कोणता ब्रँड किती खपतो इथपर्यंत ठीक. कोणत्या पेशंटला काय चालू आहे, हे त्याला कळता कामा नये. आणि आत जाऊन “सर, तुम्ही अमुक कंपनीचं जास्त लिहिता” असं डॉक्टरांना ऐकवणं म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवल्याची कबुली देणं आहे. असं बोलणाऱ्याला पुढच्या वेळी मामा आत सोडत नाहीत.

आता डॉक्टरांची बाजू. गप्प बसून ऐकणारे डॉक्टर आणि विचारणारे डॉक्टर यांच्यातला फरक इथे पेशंटच्या पदरात पडतो. विचारणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, हे कुणाला द्यायचं नाही? या औषधाच्या बाबतीत उत्तर ठरलेलं आहे. टाइप वन मधुमेहाच्या पेशंटसाठी ते नाही. लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, विशेषतः बायकांमध्ये. उलट्या-जुलाब होत असतील, शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तर सांभाळायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ते बंद करावं लागतं. या औषधावर असलेल्या माणसाच्या रक्तात कधीकधी कीटोन नावाचं आम्ल धोकादायक प्रमाणात वाढतं आणि तेव्हा रक्तातली साखर फार वाढलेली नसते. त्यामुळे ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसतो आणि माणूस आतून बिघडत जातो. मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन ठरलेल्या पेशंटच्या बाबतीत हे विसरलं, तर जिवावर बेतू शकतं.

एमआरला हे सांगता आलं, तर त्याने ते मिनिट कमावलं. त्याला हे माहीत नसेल आणि “सर, अगदी सेफ आहे” एवढंच तो म्हणाला, तर त्याची परीक्षा तिथेच झाली. २०२४च्या त्याच आचारसंहितेत यावरही नियम आहेत. ‘सुरक्षित’ हा शब्द नुसता, कोणतीही अट न जोडता वापरू नये. औषधाला दुष्परिणाम नाहीतच, असं ठामपणे म्हणू नये. आणि भारतात वर्षभराहून जास्त काळ उपलब्ध असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणू नये. मार्च २०२५ मध्ये हा शेवटचा नियम किती दवाखान्यांत मोडला गेला असेल, याचा अंदाज कुणीही करावा. ब्रँड नवे होते, औषध मुळीच नवं नव्हतं. माहीत नसलेल्या प्रश्नाला चांगला एमआर एकच उत्तर देतो: “सर, नक्की माहीत नाही. कंपनीकडून लेखी मागवून पुढच्या भेटीत देतो.” या उत्तराने त्याचं काही बिघडत नाही. पुढच्या भेटीसाठी त्याला खरं कारण मिळतं आणि ते कारण डॉक्टरांनीच दिलेलं असतं.

नमुन्यांचं काय? बाहेर बसलेल्यांना वाटतं, हे लोक डॉक्टरांना औषधांची खोकी देतात. काही जण देतही असत. आता एका वेळी जास्तीत जास्त तीन पेशंटना पुरतील एवढेच नमुने द्यावेत, त्यांच्यावर विकण्यासाठी नसल्याचं छापलेलं असावं आणि कुणाला, कधी, किती दिले याची कंपनीने नोंद ठेवावी, असा नियम आहे. भेटवस्तूंवर डॉक्टरांच्या बाजूने बंधन आधीपासून आहे. वैद्यक परिषदेने २००९च्या डिसेंबरात डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी घ्यायला मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना आयकरात वजा दाखवता येणार नाही, असा निकाल दिला. मात्र २०२४ची आचारसंहिता हा कायदा नाही, आणि तिच्याखालची तक्रार ऐकतात त्या औषधकंपन्यांच्या संघटनांच्याच समित्या. त्यामुळे नियम कागदावर कितीही नेटके असले, तरी रोजच्या ओपीडीत ते पाळले जातात की नाही, हे दाराच्या आतल्या दोन माणसांवर राहतं.

ही भेट कुठे बिघडते? सर्वात जास्त बिघडते ती महिनाअखेरीला. टार्गेट पुरं झालेलं नसतं, कंपनीचा एरिया मॅनेजर सोबत फिरत असतो. याला ‘जॉइंट वर्किंग’ म्हणतात. दोघं मिळून आत जातात, मॅनेजर खुर्चीवर बसतो, त्याला आपल्या माणसाचं काम बघायचं असतं आणि आपलंही वजन दाखवायचं असतं. एक मिनिटाची भेट पाच मिनिटांवर जाते. बाहेर मामांची मान खाली जाते, कारण पेशंट त्यांच्याशी भांडतात. दुसरी बिघडण्याची वेळ म्हणजे एखादा पेशंट गंभीर होऊन येतो ती. छातीत दुखत असलेला माणूस आला की एमआरने बोलत असलेलं वाक्य अर्धं सोडून बाहेर यायचं असतं. “सर, मी परत येतो,” एवढंच पुरतं. बहुतेक जण हे करतात, आणि ज्यांनी ते केलंय त्यांना डॉक्टर पुढच्या भेटीत आपणहून दोन मिनिटं जास्त देतात, असं मी अनेकांकडून ऐकलंय. तिसरी गोष्ट, डॉक्टर भेटलेच नाहीत आणि तरी डीसीआरमध्ये कॉल झाला असं लिहायचं. हे घडतं. कंपनीने आकड्यांवर फार जोर दिला, की माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन जीपीएसची खूण पाडतो आणि निघून जातो. अशाने पेशंटचा वेळ वाचतो खरा, पण कंपनीच्या कागदावर डॉक्टरांना जी माहिती दिल्याचं दिसतं, ती त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेलीच नसते. त्यात ऑपरेशनच्या तीन दिवस आधीची ती सूचनाही आली.

एक गोष्ट मात्र बिघाड म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कित्येक दवाखान्यांत खोलीत पेशंट असतानाच एमआरला आत बोलावलं जातं. वेळ वाचावा म्हणून. पेशंट खुर्चीवर असतो, त्याचे रिपोर्ट टेबलावर उघडे पडलेले असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात कधी पडद्याआड तपासणीच्या टेबलावर बाई असते आणि पडद्याबाहेर एमआर टॅब दाखवत उभा असतो. डॉक्टरांना त्याची सवय झालेली असते, एमआरलाही. त्या बाईला मात्र त्याची सवय होऊ शकत नाही. दोन पेशंटच्या मधली वेळ म्हणजे एक पेशंट बाहेर गेल्यानंतरची आणि दुसरा आत यायच्या आधीची वेळ. आत कुणी पेशंट असेल, तर एमआरने दारातूनच मागे फिरावं. डॉक्टरांनी बोलावलं तरी. हा नियम कुठल्याही आचारसंहितेपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो.

मग या भेटी बंदच का करू नयेत? केंद्र सरकारने आपल्या रुग्णालयांपुरतं तसं केलं आहे. २०२५ मध्ये आरोग्यसेवा महासंचालनालयाने केंद्राच्या रुग्णालयांत एमआरना प्रवेश देऊ नये आणि औषधांची माहिती ई-मेलसारख्या मार्गाने मागवावी, असं कळवलं. मोठ्या सरकारी रुग्णालयात ते शक्य आहे. तिथे औषधखरेदी वेगळ्या खात्याकडे असते आणि शिकवणारे वरिष्ठ डॉक्टर असतात. तालुक्याच्या फिजिशियनकडे दिवसाला सत्तर पेशंट बघितल्यावर ई-मेल उघडून वाचायला वेळ नसतो. समोरच्या मेडिकलमध्ये कोणता माल आहे, कोणत्या ब्रँडची किंमत काल बदलली, हे त्याला ई-मेलमधून कळतही नाही. म्हणून मला भेट बंद करण्यापेक्षा तिला जागेवर बसवणं जास्त योग्य वाटतं.

ते करता येतं आणि अनेक डॉक्टर करतात. दारावर पाटी लावतात: एमआर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी एक ते दीड. ओपीडी संपलेली असते, पेशंट गेलेले असतात. एमआर दहा-बारा असले तरी ओळीने आत येतात, प्रत्येकाला ठरलेली दोन मिनिटं मिळतात, डॉक्टर प्रश्न विचारतात. एमआरलाही हे बरं पडतं. त्याला रात्री दहापर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागत नाही आणि दिवसाची आखणी आधीच करता येते. ज्यांना असा वेगळा वेळ काढता येत नाही, त्यांनी संध्याकाळी तीन पेशंटमागे एक एमआर आणि एका एमआरला एक मिनिट असं ठरवावं आणि ते बाहेर लिहून लावावं. लिहिलेलं असलं की मामांना भांडावं लागत नाही, आणि बाकड्यावरच्या माणसालाही कळतं की मध्ये कुणी आत गेलं, तर ते नियमाने गेलं आणि लगेच बाहेर येणार आहे.

तुम्ही पुढच्या वेळी नंबर लावून बसाल तेव्हा दारावर अशी पाटी आहे का, ते बघा. नसेल तर कंपाउंडरला विचारा, एमआरची वेळ ठरलेली आहे का. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीचं नाव चिठ्ठीवर बदललेलं दिसलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा की औषध बदललं की फक्त ब्रँड, आणि महिन्याला किती पडेल. एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल आणि ऑपरेशन ठरलेलं असेल, तर ते कधी थांबवायचं हे ऑपरेशनच्या तारखेच्या आधीच विचारून घ्या. आणि तुम्ही आत असताना एमआर आला, तर “डॉक्टर, माझं झाल्यावर त्यांना बोलवा,” असं म्हणायला अजिबात संकोचू नका. तो वेळ तुमचा आहे.